होम लोनचे 18 हप्ते भरून झाले, दीड वर्षाचा अनुभव लिहितोय

जुलै 2023 ला कोल्हापुरात कळंब्याकडं टू बीएचके घेतला. लोन 30 लाख, 20 वर्षं, फ्लोटिंग रेट 8.5 टक्के, हप्ता 26,035 रुपये. पहिला हप्ता ऑगस्टला कटला आणि जानेवारी 2025 ला अठरावा. मी शिरोली एमआयडीसीत डिस्पॅचला आहे, पगार झाला की पाच तारखेला मेसेज येतोच, त्यात कधी चूक नाही बघा.

तर जानेवारीत आबांनी विचारलं, आरं किती फिटलं मग? मी आपलं छाती काढून सांगितलं, साडेचार लाखाच्या वर भरलं की आबा. आणि रात्री ॲपमध्ये स्टेटमेंट उघडलं तर बाकी 29 लाख 8 हजार. म्हणजे भरले 4,68,600 आणि मुद्दलातनं कमी झाले फक्त साडेएक्क्याण्णव हजार. मला वाटलं काहीतरी घोळ झालाय, एखादा चार्ज वगैरे लावला असणार. बायको म्हणाली उद्या बँकेत जाऊन भांडून या. मी भांडायच्या आधी वही घेऊन बसलो ते बरं झालं, नाहीतर तिथं जाऊन येडा ठरलो असतो.

हिशोब असा आहे. साडेआठ टक्के वर्षाचे, म्हणजे महिन्याचे त्याचा बारावा भाग. पहिल्या महिन्यात माझ्याकडं बँकेचे पूर्ण 30 लाख होते, त्याचं महिन्याचं व्याज 21,250. हप्ता 26,035, त्यातनं व्याज वजा केलं की उरले 4,785, तेवढेच मुद्दलात गेले. दुसऱ्या महिन्यात बाकी 29,95,215, त्याचं व्याज 21,216, म्हणजे 34 रुपयांनी कमी, आणि तेवढेच 34 रुपये मुद्दलात जास्त. असं दर महिन्याला मुंगीच्या पावलानं सरकत जातं. व्याज आधी ओढून घेतात असं आमच्या कंपनीत सगळे म्हणतात ना, तसं काही नाही, ज्या महिन्यात जेवढी बाकी तेवढ्यावरच व्याज, सुरुवातीला बाकीच मोठी असते म्हणून व्याज मोठं.

आबांना हे पटेना. त्यांचं म्हणणं, 30 लाख भागिले 240 हप्ते, महिन्याला 12,500 मुद्दल घ्यावं आणि वर जे व्याज होईल ते घ्यावं, सरळ काम. म्हटलं करून बघू. पहिला हप्ता झाला 12,500 अधिक 21,250, म्हणजे 33,750. पुढं दर महिन्याला 88 रुपयांनी कमी होत जाणार आणि 20 वर्षांत एकूण व्याज साधारण 25 लाख 60 हजार. आमच्या पद्धतीत तेच 32 लाख 48 हजार होतं. म्हणजे आबांची पद्धत जवळजवळ सात लाखांनी स्वस्त, पण 2023 ला मला 33,750 झेपलेच नसते, तेवढ्या हप्त्यावर लोनच पास झालं नसतं बहुतेक. हप्ता 240 महिने सारखा ठेवायचा म्हटलं की पहिल्या वर्षांत मुद्दल कमी जाणार, हे त्याच्यातच आलं. तिथं आबा गप्प झाले.

हप्ता स्वतः काढायचा असेल तर एक्सेलमध्ये हे टाका, पहिल्यानं हप्ता येतो, दुसऱ्यानं पहिल्या महिन्याचं व्याज:

```
=PMT(8.5%/12,240,-3000000)
=IPMT(8.5%/12,1,240,-3000000)
```

दुसऱ्यात 1 च्या जागी पाहिजे तो महिना टाकायचा. मी टाकत टाकत गेलो तर हप्त्यातला अर्ध्यापेक्षा जास्त भाग मुद्दलात जायला 143 वा महिना उजाडतोय, म्हणजे जवळपास 12 वर्षं. आणि 10 वर्षं इमानदारीत हप्ते भरून पण बाकी राहते 21 लाख. हे वाचून रात्री झोप लागली नाही खरं सांगतो.

मग आबांनीच सांगितलं, उसाचं बिल आलंय, एक लाख टाक तिथं. फ्लोटिंग लोन आहे, त्यामुळं आधी पैसे भरले म्हणून दंड लागत नाही. चेक दिला, काउंटरवरच्या पोरानं फॉर्म भरला, मी सही केली, झालं. दोन दिवसांनी मेसेज, तुमचा नवीन हप्ता 25,140. मला आनंद, 895 रुपये वाचले. घरी येऊन एक्सेलमध्ये टाकलं आणि डोक्याला हात लावला. हप्ता कमी करून मुदत तीच ठेवली तर उरलेल्या 222 महिन्यांत त्या लाखानं वाचतात जेमतेम 99 हजार. आणि हप्ता 26,035 च ठेवून मुदत कमी केली तर 17 हप्ते उडतात आणि व्याज वाचतं साडेतीन लाख. पैसे तेच, टिक कुठं केली त्याचा फरक. फॉर्मवर दोन्ही पर्याय होते, मला न विचारता पहिल्यावर टिक केलेली आणि मी न वाचता सही केलेली, म्हणजे चूक अर्धी माझीपण. (ज्याला महिन्याला हातात पैसे कमी पडतात त्यानं हप्ता कमी करून घ्यावा, त्यात वाईट काही नाही, पण विचारून तरी करा राव.)

परत गेलो, अर्ज दिला, दोन चकरा झाल्या आणि आता शेवटच्या हप्त्याची तारीख बदलून आली. बघायचं ते हेच, मेसेजवर जाऊ नका, नवीन शेड्यूल मागून घ्या आणि शेवटची ओळ बघा.

उलटा प्रकार रेट वाढल्यावर होतो. समजा सुरुवातीलाच 8.5 चा 9 झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर व्याजच होतं 22,500, मुद्दलाला उरतात 3,535 आणि 240 चे 267 हप्ते होतात. अर्ध्या टक्क्यात सव्वादोन वर्षं! हप्ता तोच दिसतो म्हणून आपल्याला पत्ताच लागत नाही. रेट बदलताना हप्ता वाढवायचा का मुदत हे ग्राहकाला विचारायचं असा रिझर्व्ह बँकेचा ऑगस्ट 2023 चा नियम आहे, तो माहिती असू दे. 7 फेब्रुवारी 2025 ला रेपो, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दरानं पैसे देते तो दर, 6.5 वरनं 6.25 झाला, आमचा रेट खाली आला की मी हप्ता तोच ठेवा म्हणून लिहून देणार आहे.

आबांना शेड्यूलची शेवटची ओळ दाखवली, 17 हप्ते उडाले म्हणून. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचलं आणि म्हणाले, पुढच्या वर्षीच्या बिलावर नजर ठेवू नकोस, विहिरीवरची मोटर बदलायची हाय.