कापसाच्या उताऱ्याची पाहणी: साधा, स्तरित की समूह नमुना?

चोपड्यासारख्या तालुक्यात तापीकाठच्या काळ्या जमिनीत पावसाआधी ठिबकवर लावलेला बागायती कापूस आणि सातपुड्याच्या पायथ्याशी पावसाच्या भरवशावर उभा असलेला जिरायती कापूस यांच्या उताऱ्यात मोठी तफावत असते. समजा, तालुक्याचा एकरी सरासरी उतारा काढायचा आहे आणि 200 शेतकऱ्यांपर्यंतच पोहोचता येणार आहे. हिशेबापुरते असे धरू की 40 टक्के शेतकरी बागायती असून त्यांची सरासरी 10 क्विंटल आहे, 60 टक्के जिरायती असून त्यांची सरासरी 4 क्विंटल आहे आणि दोन्ही गटांत उताऱ्याचा फैलाव दाखवणारे प्रमाण विचलन 2 क्विंटल आहे. खरी सरासरी मग 6.4 क्विंटल येते.

सगळ्यांच्या एकाच यादीतून चिठ्ठ्या काढल्या, तर प्रमाण त्रुटी, म्हणजे नमुन्याची सरासरी खऱ्या सरासरीपासून साधारण किती ढळेल याचे माप, सुमारे 0.25 क्विंटल राहते, कारण चिठ्ठीत बागायतदार किती येतील हे दैवावर असते. स्तरित पद्धतीत 80 बागायती आणि 120 जिरायती शेतकरी आधीच ठरवून दिल्यामुळे दोन गटांमधील तफावत त्रुटीतून पूर्णपणे वगळली जाते आणि त्रुटी 0.14 वर येते. हा लाभ गटांच्या सरासऱ्या दूर असतील तेवढाच मिळतो. शेतकऱ्यांच्या जातीनुसार किंवा आडनावानुसार पाडलेल्या स्तरांनी उतारा फारसा वेगळा होत नसेल, तर ते कष्ट वाया जातात. येथे एक चूक मी वारंवार पाहिली आहे: दोन्हीकडून शंभर-शंभर शेतकरी घ्यायचे आणि गटांच्या खऱ्या 40-60 प्रमाणाचा भार न लावता सरळ सरासरी काढायची. तसे केल्यास उत्तर 7 क्विंटलच्या आसपास येते, आणि नमुना कितीही वाढवला तरी ती चूक जात नाही.

समूह पद्धतीत चिठ्ठीने 10 गावे आणि प्रत्येक गावातून चिठ्ठीनेच 20 शेतकरी घेतले जातात. प्रवास वाचतो, पण एका गावाचे पाणी आणि जमीन सारखीच असल्याने विसावा शेतकरी पहिल्यापेक्षा फारसे नवे सांगत नाही. गावांतर्गत सहसंबंध, म्हणजे एकाच गावातील उताऱ्यांमधला सारखेपणा, 0.2 धरला, तर सरासरीचे विचरण, म्हणजे त्रुटीचा वर्ग, 1 + 19 × 0.2, म्हणजे 4.8 पट होते, त्रुटी 0.55 वर जाते आणि 200 शेतकऱ्यांची माहिती साध्या नमुन्यातील सुमारे 42 जणांइतकीच ठरते. तेच 200 जण 40 गावांतून पाच-पाच घेतल्यास त्रुटी 0.34 वर उतरते. म्हणून समूह नमुन्यात माणसे वाढवण्याआधी गावे वाढवावीत, असे माझे ठाम मत आहे. एकेका गावातच सर्व प्रकारची शेती असेल, किंवा वाचलेल्या प्रवासखर्चात पुरेशी जास्त गावे घेता येत असतील, तेव्हाच समूह पद्धत त्याच पैशात त्रुटी कमी करते.

तालुक्यातील सर्व शेतकऱ्यांची अद्ययावत यादी नसेल, तर आधी गावेच बागायती आणि जिरायती अशी विभागून प्रत्येक भागातून चिठ्ठीने गावे निवडावीत. माहिती हाती आल्यावर गावनिहाय सरासऱ्या मांडून पाहाव्यात: त्या एकमेकींपासून दूर पसरलेल्या असतील आणि अहवालात तरीही साध्या नमुन्याच्या सूत्राने काढलेली 0.25 ची त्रुटी छापलेली असेल, तर तो आकडा स्वीकारू नये.