कोटा पाळायचा की चोरून जास्त विकायचं?

अर्थशास्त्र शिकणारी भाची परवा अडली होती: "मामा, ओपेक या संघटनेतले तेल निर्यात करणारे देश स्वतःच ठरवलेला उत्पादनाचा कोटा का मोडतात?"

दोन देश घेऊ. दोघांनी कोटा पाळला, तर प्रत्येकाला वर्षाला 10 कोटी. एकाने मोडला, तर त्याला 13, पाळणाऱ्याला 5. दोघांनी मोडला, तर भाव पडून 7-7.

एकाच वर्षाचा हिशोब केला तर मोडणंच फायद्याचं. समोरच्याने पाळला तर 10 ऐवजी 13, मोडला तर 5 ऐवजी 7. म्हणून दोघंही मोडतात आणि 7 वर येतात.

दरवर्षी गाठ पडणार असेल, तर चित्र पालटतं. आज 3 जास्त मिळतात, पण विश्वास तुटला की पुढे दरवर्षी 3 गमवायचे. पुढच्या वर्षीचा रुपया आज निदान 50 पैशांचा वाटत असेल, तर पाळणं परवडतं. मात्र चोरी दोन वर्षांनी उघडकीला येत असेल, तर तोच रुपया साधारण 71 पैशांचा वाटावा लागतो. मला तर हीच खरी मेख वाटते.

1985 पर्यंत सौदी अरेबियाने स्वतःचं उत्पादन घटवत भाव सावरला, इतर कोटा मोडत राहिले. शेवटी सौदीनेही नळ सोडला. 1986 मध्ये पिंपाचा भाव 10 डॉलरच्या आसपास कोसळला.

ज्याला युद्धासाठी आजच रोकड हवी किंवा ज्याचा साठा संपत आलाय, त्याला मोडणं सोयीचं. ज्याचं तेल अनेक दशकं पुरणार आहे आणि ज्याला इतरांची विक्री लगेच कळते, त्याने पाळावं.