पहिल्या भेटीनंतरचं पत्र: अनुभव सांगायचा की काम?

रिटायर झाल्यावर छोट्या फर्मला सल्लागार म्हणून पत्र लिहायचं तर एक रस्ता म्हणजे ३५ वर्षांचा अनुभव परत मांडून 'योग्य संधी असल्यास कळवावे' म्हणायचं, पण ते मालकाने भेटीत ऐकलेलंच असतं आणि काम काय द्यायचं ते त्यालाच शोधावं लागतं, मग पत्र पडून राहतं.

दुसरा, त्याचीच अडचण धरायची. 'तुम्ही म्हणालात ९० दिवस उलटले तरी वसुली होत नाही, मी महिन्यातून दोन दिवस येऊन अकाउंटंटबरोबर उधारीची यादी बघेन, तीन महिन्यांनी पुढचं ठरवू, निर्णय तुमचेच.' मला हेच पटतं, कारण जुना साहेब डोक्यावर बसेल ही भीती असतेच त्यांना. फी मात्र दिवसाची लिहा, महिन्याची लिहिली की दोनाचे पाच दिवस कधी होतात कळत नाही.