व्हिडिओचं पेंटिंग करणारं एआय, गरब्याच्या क्लिपांवर काही महिने वापरून

आधी निकाल सांगतो म्हणजे ज्यांना घाई आहे ते सुटले. माणूस कॅमेऱ्याकडे तोंड करून उभा आहे, हळू हलतोय, कमरेपासून वर दिसतोय, तर खऱ्या शूटिंगचं ऑइल पेंटिंग झकास होतं. त्याने गिरकी घेतली की खेळ खलास. आता बडोद्यात राहून गिरकी नसलेला व्हिडिओ कुठून आणायचा ते सांगा! नवरात्रात आमच्याकडे मराठी काय नि गुजराती काय, सगळेच फिरत असतात.

काम घरचंच होतं. आत्याला भाचीच्या, म्हणजे सईच्या, गरब्याची दहा सेकंदांची क्लिप लक्ष्मी विलास पॅलेसमधल्या रवी वर्म्यांच्या चित्रांसारखी करून हवी होती. एक ऑनलाइन सर्व्हिस पैसे देऊन बघितली, थोड्याच सेकंदांत क्रेडिट संपले आणि कंट्रोल काहीच हातात नाही, म्हणून घरच्या पीसीवर आलो. १२ जीबीचं ग्राफिक्स कार्ड, एआयची कामं जोडायचा कम्फी-यूआय हा प्रोग्राम, त्यात चित्र काढणारं मॉडेल स्टेबल डिफ्यूजन १.५ आणि आउटलाइन धरून ठेवायला कंट्रोलनेटचं लाइनआर्ट. ही सगळी मंडळी फुकट आहेत, कार्ड नि वीज सोडून.

पहिली पद्धत सगळे करतात तीच, व्हिडिओचे फ्रेम वेगळे काढायचे, प्रत्येक फ्रेम रंगवायची, परत जोडायचे. यात सगळा जीव `denoise` नावाच्या एका आकड्यात आहे, मूळ फ्रेम किती बदलायची ते तो ठरवतो. ०.३ ठेवला तर मोबाईलच्या फिल्टरसारखं दिसतं, पेंटिंग वाटतच नाही, ०.७ ला नेला तर चित्र सुंदर पण ती सई नाहीच, आत्या म्हणाली, "अरे ही कोण बाई आणलीस?" माझ्याकडे ०.४५ ते ०.५ ला जमलं. पण मग खरी भानगड कळते. एकेक फ्रेम थांबवून बघा, मस्त, आणि प्ले केलं की मागची भिंत दूध उकळल्यासारखी खदखदते. कारण मॉडेलला आधीच्या फ्रेममध्ये ब्रशचा फटकारा कुठे मारला होता ते आठवतच नाही, प्रत्येक वेळी तो नवीन मारतो. सीड, म्हणजे मॉडेल ज्या आकड्यावरून सुरुवात करतं तो, फिक्स केला तर वेगळाच वैताग, ब्रशचे पोत स्क्रीनला चिकटून राहतात आणि माणूस त्यांच्या मागून सरकतो, काचेआडून बघितल्यासारखं. म्हणून रिझल्ट तपासताना चेहऱ्याकडे बघू नका, जी गोष्ट हलायलाच नको ती बघा, भिंत, खांब, मांडवाचा पडदा. तिथे चुळबुळ दिसली की क्लिप बाद.

खदखद अर्धी करायचा सोपा उपाय म्हणजे फ्रेमच कमी करा. हाताने काढलेल्या कार्टूनमध्ये एक चित्र बरेचदा दोन फ्रेम धरून ठेवतात, त्यामुळे सेकंदाला बारा चित्रं डोळ्याला खटकत नाहीत, उलट जास्त पेंटिंगसारखं वाटतं. २४ ने शूट केलेल्या दहा सेकंदांच्या २४० फ्रेम होतात, त्या १२० वर आल्या:

```
mkdir frames
ffmpeg -i garba.mp4 -vf fps=12 frames/%04d.png
```

मग एबसिंथ नावाच्या प्रोग्रामकडे वळलो आणि तेच टिकलं. यात सगळ्या फ्रेम रंगवायच्याच नाहीत. मोजक्या निवडक फ्रेम, म्हणजे की-फ्रेम, रंगवायच्या, आणि एबसिंथ मूळ व्हिडिओतली हालचाल बघून तोच रंग पुढच्या-मागच्या फ्रेमवर ओढत नेतो. भिंत एकदम शांत! सई टाळ्या वाजवत पुढे येते तो भाग एकाच की-फ्रेमवर सुंदर निघाला, ओढणीची किनारसुद्धा जागच्या जागी.

आणि मग तिने गिरकी घेतली. एबसिंथला फक्त की-फ्रेममध्ये दिसलेलं माहीत असतं. पाठ फिरली तेव्हा पाठीसाठी रंगच नव्हता, म्हणून त्याने चेहऱ्याचाच रंग केसांवर फासला, चणिया-चोळीच्या आभल्यांचे पांढरे ठिपके वेणीत गेले. तोंड परत समोर आलं तेव्हा गालावर केसांचा काळा ओघळ. एकेक फ्रेमवाल्या पद्धतीत याच जागी दुसरा विनोद झाला होता, पाठमोऱ्या डोक्यावर चक्क नाक-डोळे काढून दिलेले, कारण प्रॉम्प्टमध्ये मुलगी, चेहरा, हसणं असं लिहिलेलं आणि लाइनआर्टला डोक्याचा गोल दिसला. त्याच्या दृष्टीने गोल म्हणजे तोंड.

त्यामुळे नियम असा पडला की आधी न दिसलेली बाजू जिथे दिसते तिथे नवीन की-फ्रेम हवीच. एका गिरकीला चार, समोर, एक कूस, पाठ, दुसरी कूस. पण या चार वेगवेगळ्या रंगवल्या तर चोळीचा लाल चार प्रकारचा येतो आणि एबसिंथ एकातून दुसऱ्यात मिसळताना कापड श्वास घेतंय असं वाटतं. यावर जुन्या लोकांची एक युक्ती आहे, ५१२ च्या चारही फ्रेम दोन-दोन करून एकाच १०२४ बाय १०२४ चित्रात ठेवायच्या आणि ते एक चित्र म्हणून रंगवायचं, मग चारही जागी रंग आणि फटकारे बरेच जुळतात, नंतर कापून वेगळ्या करायच्या. पाठीची फ्रेम मी तरी नंतर हाताने थोडी साफ करतो, तिथे एआयशी भांडण्यापेक्षा ब्रश घेतलेला बरा.

एवढं करूनही हात नीट येत नव्हते, आणि त्याचं कारण कॉम्प्युटरमध्ये नव्हतंच. रात्रीच्या मांडवात मोबाईल शटर आपोआप मंद करतो, हात पुसट होतात, लाइनआर्टला बोटांची कडाच मिळत नाही आणि मॉडेल मनाने बोटं काढतं, कधी चार कधी सहा. शटर हाताने १/१०० ठेवा. आपली वीज ५० हर्ट्झची, साधे दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात, त्यामुळे १/१०० ला पट्टे येत नाहीत, १/२०० ला गेलात तर फ्रेममध्ये काळे पट्टे येऊ शकतात आणि ते पट्टेही भक्तिभावाने रंगवले जातात. उजेड कमी पडला तर आयएसओ वाढवा, थोडी खरखर चालते, पुसटपणा नाही चालत.

व्हिडिओसाठीच बनवलेलं मॉडेलही चालवून बघितलं, वॅन २.१, यात सगळ्या फ्रेम एकत्र विचारात घेतल्या जातात म्हणून खदखद जवळजवळ नाही, गिरकीही बरी निघते, मानलं. पण ते एका वेळी ८१ फ्रेम देतं, सेकंदाला १६ च्या हिशोबाने पाचेक सेकंद. दहा सेकंदांना दोन तुकडे, आणि जोडाच्या जागी माझ्याकडे ओढणीची छटा बदलली. शिवाय त्यात टाळीचा नेमका क्षण हरवतो, हात जवळ येतात आणि लांब जातात, भेटतच नाहीत. बाहेरच्याला कळणार नाही, पण तीन टाळ्यांचा त्रण ताळी गरबा बघत मोठा झालेला बडोदेकर लगेच म्हणतो की ताल चुकला.

राहिला वाइड शॉट, मोठं मैदान, हजारो माणसं. तिथे नादच सोडा. स्टेबल डिफ्यूजन आतमध्ये चित्र आठपट लहान करून काम करतं, म्हणजे चाळीस पिक्सेलचा चेहरा आत पाच घरांचा उरतो, त्यात डोळे-नाक बसणार कुठे? सगळे वितळलेले दिसतात. अशा शॉटला मी आता ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या कंपोझिटरमधला कुवाहारा फिल्टर लावतो. तो जुना साधा गणिती फिल्टर आहे, जवळचे रंग एकत्र करून रंगाच्या थापा बनवतो, मनाचं काही घालत नाही म्हणून फारसा लुकलुकतही नाही. रंग थोडे एबसिंथवाल्या भागाशी जुळवून घेतले आणि क्लोजअपच्या मधे दोन सेकंद टाकला. आत्याने दोनदा बघितलं आणि गर्दीत बसलेले काका ओळखले.