काखेत लावायला सोडा, तुरटी की जस्ताचे मलम? नाजूक त्वचेसाठी तुलना

नैसर्गिक डिओडरंट सुरू केल्यावर काखेत लाली आली की 'शरीर टॉक्सिन बाहेर टाकतंय, दोन आठवडे कळ काढा' असं सांगितलं जातं. ते ऐकू नका. काखेतून विष बाहेर पडत नसतं. जी लाली रोज वाढत जाते ती त्वचेला झालेली इजा असते, आणि लावणं चालू ठेवलं तर ती बरी होत नाही.

इजा का होते, हे खाण्याचा सोडा आणि तुरटी समोरासमोर ठेवले की कळतं. निरोगी त्वचेचा वरचा थर किंचित आम्लधर्मी असतो, त्याचा पीएच साधारण ५च्या आसपास. खाण्याचा सोडा पाण्यात विरघळला की पीएच ८च्या वर जातो. घामाचा वास मुळात जिवाणूंमुळे येतो आणि सोड्याने वास मारला जातो, हे खरं. पण रोज लावल्याने त्वचेचा आम्लधर्मी थर बिघडतो, ती कोरडी पडते आणि घामाचं मीठही झोंबू लागतं. घरी खोबरेल तेल, आरारूट आणि सोडा समप्रमाणात कालवून केलेल्या मिश्रणात तर सोड्याचे कण तेलात विरघळतच नाहीत. हात हलला की ते काखेच्या घडीत घासत राहतात.

तुरटी उलट्या टोकाची आहे. तिचं पाणी चांगलंच आम्लधर्मी असतं आणि ती त्वचा आकसवते. म्हणून न्हावी दाढीनंतर ती फिरवतो, कापलेल्या जागी रक्त थांबतं. काखेत मात्र रात्री वस्तरा फिरवून सकाळी तुरटी घासली, तर डोळ्यांना न दिसणाऱ्या ओरखड्यांत ती झोंबते. शिवाय खड्याला धार असेल तर नवे ओरखडे पडतात. 'अ‍ॅल्युमिनियम नको' म्हणून तुरटीकडे वळणाऱ्यांनी हेही लक्षात घ्यावं की तुरटी हा अ‍ॅल्युमिनियमचाच क्षार आहे.

दोघांत निवड करायची तर आमचं मत तुरटीकडे झुकतं, पण अटींसह. खडा पाण्याखाली घासून कडा गुळगुळीत करा. ओल्या काखेवर दोन-तीनदाच फिरवा, आणि केस काढल्यावर किमान एक दिवस थांबा. एवढं करूनही लाली आली तर तुरटीही बंद करा. सोड्याने एकदा पुरळ आलेल्यांनी प्रमाण कमी करून पुन्हा प्रयत्न करण्यात अर्थ नाही.

दोन्ही सोसत नसतील तर पहिला पर्याय झिंक ऑक्साइडचं सुगंधविरहित मलम. बाळाच्या लंगोटाच्या पुरळावर औषधाच्या दुकानात मिळतं तेच. हे पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, म्हणून त्वचेशी झगडा करत नाही आणि वासही कमी करतं. अंघोळीनंतर काख पूर्ण कोरडी करून वाटाण्याच्या निम्म्याएवढं मलम पातळ पसरा, दोन मिनिटांनी कपडे घाला. जास्त लावलं की काळ्या कपड्यांवर पांढरे डाग उठतात, ही त्याची खरी अडचण. घाम ते फारसा थांबवत नाही.

मॅग्नेशियम हायड्रॉक्साइडचे डिओडरंट सोड्यापेक्षा सौम्य पडतात, कारण ते फार कमी विरघळतं, पण ते अल्कधर्मीच असतं. लॅक्टिक किंवा मँडेलिक आम्लाचे डिओडरंट वासावर चांगले चालतात, मात्र सोललेल्या त्वचेवर चुरचुरतात. म्हणून ते लाली पूर्ण गेल्यावरच.

पुरळ नेमकं कुठे आहे तेही बघा. डिओडरंटचं पुरळ बहुधा काखेच्या मधल्या खोलगट भागात, जिथे लावता तिथेच उठतं. मधला भाग स्वच्छ आणि कडेला, शिवणीच्या रेषेत लाली असेल तर कपड्याच्या रंगावर संशय घ्या. घडीत ओलसर लालबुंद चट्टा आणि भोवती सुटे बारीक फोड असतील तर बुरशी असू शकते. पुरळापेक्षा खाज जास्त असेल, लावल्यावर दीड-दोन दिवसांनी उठत असेल, तर लव्हेंडर, टी ट्री यांसारख्या सुगंधी तेलांची अ‍ॅलर्जी शक्य आहे. 'नैसर्गिक' लिहिलेल्या डब्यांत ती तेलं सर्रास असतात, म्हणून सोडा बंद करूनही पुरळ येतच राहिलं तर लेबलवर ती शोधा.

सध्या पुरळ असेल तर सगळं बंद करून नुसत्या कोमट पाण्याने धुवा, टिपून कोरडं करा आणि पातळ व्हॅसलीन लावा. स्टेरॉइड, अँटिबायोटिक आणि बुरशीनाशक एकत्र असलेली ट्यूब स्वतःहून आणू नका. काखेतली त्वचा पातळ असते, तिथे कडक स्टेरॉइडने ती आणखी विरते आणि बुरशी असेल तर ती दबून पसरते. दोन आठवड्यांत फरक नसेल, पू, ताप किंवा दुखरी गाठ असेल, तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. लाली गेल्यावर आपल्याकडच्या सावळ्या त्वचेवर काळसर डाग महिनोन्‌महिने राहू शकतो. तो घासून जात नाही, उलट गडद होतो.

नवीन वस्तू थेट काखेत लावू नका. कोपराच्या आतल्या बाजूला रुपयाएवढ्या जागेवर दिवसातून दोनदा, सात ते दहा दिवस लावून पाहा. खाज किंवा लाली आली नाही तरच काखेत लावा, आणि सुरुवातीला एकाच काखेत.