नाव तेच होते, पत्ता मात्र बदललेला होता

परदेशातील एका सहकाऱ्याला मी 400 यूएसडीसी, म्हणजे डॉलरच्या किमतीशी बांधलेले डिजिटल चलन, पाठवले आणि ते भलत्याच माणसाच्या वॉलेटमध्ये गेले. दहा महिन्यांपूर्वी वॉलेटच्या लांबलचक पत्त्याऐवजी वापरल्या जाणाऱ्या त्याच .eth नावावर पाठवलेले पैसे त्याला व्यवस्थित मिळाले होते, म्हणून या वेळी मी फक्त नावाचे स्पेलिंग तपासले. ते अचूक होते. वॉलेटनेही नाव ओळखले आणि शेजारी हिरवी खूण दाखवली. चार दिवसांनी सहकाऱ्याने पैशांची आठवण करून दिली, तेव्हा चूक कळली.

.eth नाव कायमचे विकत मिळत नाही, ते वर्षाच्या भाड्याने घ्यावे लागते. सहकाऱ्याने नूतनीकरण केले नव्हते. मुदत संपल्यावर मूळ मालकाला 90 दिवसांची सवलत असते. त्यानंतरचे 21 दिवस नव्या खरेदीदाराला जादा रक्कम मोजावी लागते आणि ती रोज उतरत जाते. पुढे पाच किंवा अधिक अक्षरांचे नाव वर्षाला 5 डॉलरमध्ये कोणालाही घेता येते. मुदत संपली तरी नाव कोणत्या पत्त्याकडे नेते ही जुनी नोंद लगेच पुसली जात नाही, त्यामुळे नाव चालू असल्यासारखेच दिसत राहते. अनोळखी माणसाने ते घेऊन त्यावर स्वतःचा पत्ता नोंदवला होता. यात कोणतीही यंत्रणा फोडली गेली नव्हती, म्हणूनच वॉलेटला धोक्याची सूचना देण्याचे कारण दिसले नाही. मालक तोच असला तरी नोंद केव्हाही बदलता येते, आणि त्याच्या वॉलेटची गुप्त किल्ली चोरीला गेली तर चोरालाही ती बदलता येते.

आता मी नाव टाकल्यावर वॉलेटने शोधलेला 0x ने सुरू होणारा 42 अक्षरांचा पत्ता पूर्ण उघडतो आणि जुन्या यशस्वी व्यवहारातील पत्त्याशी मधल्या अक्षरांसह ताडून पाहतो, कारण सुरुवात आणि शेवट सारखे असलेले पत्ते मुद्दाम तयार करता येतात. त्या दिवशी एवढे केले असते, तरी फरक दिसला असता. पत्ता वेगळा निघाला तर इथेरियमवरील नोंदी दाखवणाऱ्या इथरस्कॅन या संकेतस्थळावर नाव शोधून नोंदणीची मुदत आणि सध्याचा मालक पाहतो, आणि समोरच्याला फोन करून पत्ता वाचून दाखवायला सांगतो. त्याच चॅटवर विचारत नाही, कारण चॅटचे खाते दुसऱ्याच्या हाती गेलेले असू शकते.

पत्त्यावरून उलट शोधल्यास तेच नाव दिसते, हा पुरावा मी धरत नाही, कारण नाव हाती आलेला नवा मालकही ती नोंद करू शकतो. आधी 5 यूएसडीसी पाठवून पाहणे उपयोगी आहे, पण ते मिळाल्याचे स्वतः त्या माणसाने सांगेपर्यंत उरलेली रक्कम थांबवावी लागते. व्यवहार यशस्वी झाल्याची खूण माझ्या 400 यूएसडीसींनाही मिळाली होती.