बिल ऑफ एंट्रीची बनावट प्रत: आयजीएसटीच्या आकड्याने उघड झालेली चोरी

नागदेवी स्ट्रीटवर आयात माल विकणाऱ्या एका पेढीचे हिशेब मी पाहतो. थायलंडहून औद्योगिक व्हॉल्व्ह येतात, न्हावा शेवाला उतरतात. कस्टम्सचं काम पाहणारा एजंट आमच्या वतीने ड्युटी भरतो, आम्हाला त्या पैशांची डेबिट नोट आणि बिल ऑफ एंट्रीची, म्हणजे आयात मालासाठी कस्टम्सकडे भरलेल्या विवरणपत्राची, पीडीएफ पाठवतो आणि त्यावरून मी कॉस्टशीट बनवतो. एजंट जुना, गोड बोलणारा. दिवाळीला मिठाई न चुकता.

मालकांची कुरकुर वेगळीच होती. शेजारचा गाळेवाला तोच व्हॉल्व्ह आमच्यापेक्षा स्वस्तात देत होता. "अहो, त्याला परवडतं कसं?" या प्रश्नामुळे मी एका खेपेची प्रत काढून बसलो.

कॉस्टशीटसाठी प्रतीतून काय घ्यायचं, ते आधी सांगतो. प्रत्येक आयटमचा आठ आकडी कोड, त्याचं निर्धारित मूल्य, मूळ सीमाशुल्क म्हणजे बीसीडी, त्याच्या दहा टक्के समाजकल्याण अधिभार आणि शेवटी आयजीएसटी, म्हणजे आयातीवर लागणारा जीएसटी. आयजीएसटीचं क्रेडिट मिळतं, म्हणून तो किमतीत धरत नाही. बीसीडी आणि अधिभार मात्र परत मिळत नाहीत, ते थेट मालाच्या किमतीत जातात. चोराने हात मारला तो नेमका तिथेच.

ती खेप 500 नगांची, एकच आयटम, कोड 8481 या शीर्षकातला. मूल्य 10,00,000. प्रतीवर बीसीडी साडेसात टक्क्यांनी 75,000, अधिभार 7,500, आयजीएसटी 1,80,000. एकूण 2,62,500 आणि डेबिट नोटही तेवढ्याचीच. बेरीज चोख, म्हणून कुणाला शंका आली नाही. पण आयजीएसटी नुसत्या मूल्यावर लागत नाही. मूल्य, बीसीडी आणि अधिभार यांच्या बेरजेवर लागतो. शीटमध्ये C, D, E या रकान्यांत हेच तीन आकडे आहेत. मी एक रकाना वाढवला:

```
=(C2+D2+E2)*18%
```

उत्तर आलं 1,94,850. प्रतीवर होते 1,80,000. म्हणजे बरोबर दहा लाखांचे अठरा टक्के. याचा अर्थ एकच: कस्टम्सच्या लेखी बीसीडी आणि अधिभार शून्य होते.

मग आयजीएसटीही का नाही फुगवला? कारण तो आकडा बिल क्रमांकासकट आमच्या जीएसटीआर-2बी मध्ये, म्हणजे जीएसटी पोर्टलवरच्या क्रेडिटच्या विवरणात, दिसतो आणि तिथे मी दरमहा ताळा करतो. एजंटला ते ठाऊक होतं. बीसीडी तिथे दिसत नाही.

प्रत मोठी करून पाहिली. बीसीडीच्या ओळीत, ज्या अधिसूचनेखाली सवलत घेतली तिचा रकाना कोरा, पण त्याच ओळीत DUTY FG, म्हणजे सोडून दिलेलं शुल्क, या रकान्यात 75,000 तसेच राहिले होते. एकच शुल्क भरलेलंही आणि माफही! खोडणाऱ्याला ते खोडायचं सुचलं नव्हतं. "75,000" मधल्या 7 चा टाईपही शेजारच्या आकड्यांहून किंचित जाड होता.

खरी प्रत मिळवायला आइसगेट या कस्टम्सच्या पोर्टलवर गेलो, तर आयातदार म्हणून नोंदवलेला ईमेलच एजंटचा निघाला. नोंदणी त्यानेच "करून दिली" होती. त्यामुळे कस्टम्सकडून आमच्यासाठी निघणारी डिजिटल सहीची प्रत त्याच्याकडे जायची आणि आमच्याकडे यायची ती डागडुजी केलेली. ईमेल बदलून घेतला आणि ड्युटी भरल्याचं चलान काढलं: 1,80,000. खऱ्या प्रतीवर थायलंडसह आसियान देशांच्या मालाला मिळणाऱ्या सवलतीची अधिसूचना 46/2011 स्पष्ट छापलेली होती. पुरवठादाराने पाठवलेलं मूळ देशाचं प्रमाणपत्र वापरून एजंटने सवलत घेतली आणि 82,500 रुपये स्वतःच्या खिशात घातले. आमच्या कॉस्टशीटवर दर नगामागे 165 रुपयांचा बोजा. शेजाऱ्याला परवडत होतं ते यामुळे.

हा ताळा आयटमवार करा. बिलात वेगवेगळ्या दरांचे आयटम असले, तर एकूण रकमेवर काहीच कळत नाही. अँटी-डंपिंग शुल्क असेल तर तेही बेरजेत धरावं लागतं, नाहीतर उगाच प्रामाणिक माणसावर संशय जाईल. रुपया-दोन रुपयांचा फरक राउंडिंगचा, तो सोडून द्या.

चलान समोर ठेवल्यावर एजंट म्हणाला, "साहेब, पोराने चुकीची फाईल पाठवली." पोराने रक्कमही चुकून घेतली का, यावर उत्तर नव्हतं. त्या खेपेचे पैसे परत आले. जुन्या खेपांची छाननी चालू आहे आणि तक्रारीचा मसुदा वकिलांकडे आहे.

मला जास्त धास्ती दुसऱ्याच गोष्टीची आहे. सवलत आमच्या नावावर घेतली गेली आणि 2020 पासूनच्या नियमांनुसार माल त्या देशातच कसा बनला याची माहिती आयातदाराने स्वतःजवळ ठेवायची असते, ती पाच वर्षं जपायची असते. आमच्याकडे एक कागद नव्हता. आता पुरवठादाराकडून प्रत्येक जुन्या खेपेसाठी ती माहिती मागवतोय, दोन खेपांची आली आहे.